तळाशी असलेला जिल्हा वर येतो, तेव्हा श्रेय कोणाचे?

वाराणसीतील मालवीय पूल ओलांडून मुघलसराईच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात चंदौली जिल्हा लागतो. 1997 पर्यंत तो वाराणसीचाच भाग होता. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने आकांक्षी जिल्हा कार्यक्रम सुरू केला आणि देशातील सर्वांत मागास जिल्ह्यांच्या यादीत चंदौलीचे नाव आले. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे चार जिल्हे त्याच यादीत आहेत. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने या योजनेचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. आकांक्षी जिल्ह्यांनी इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक प्रगती केली, हा त्याचा निष्कर्ष बातम्यांतून दुमदुमला. जे सर्वांत मागे होते तेच सर्वांत वेगाने धावले, असे चित्र उभे राहिले.

या चित्रावर टाळ्या वाजवण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक होते. काहीही केले नसते, तर हे जिल्हे किती वर आले असते?

प्रश्न खोडसाळ नाही. ज्यांचे आकडे सर्वांत वाईट तेच निवडले, की पुढच्या मोजणीत त्यांचे आकडे सुधारलेले दिसतात, हा संख्याशास्त्राचा नियम आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडिलांची आणि मुलांची उंची ताडून पाहताना तो मांडला: अतिशय उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात आणि फार बुटक्यांची तितकी बुटकी नसतात. यालाच ‘रिग्रेशन टू द मीन’, म्हणजे सरासरीकडे परतणे, म्हणतात.

जिल्ह्यांच्या बाबतीत हे कसे घडते ते पाहावे. जिल्ह्याचा प्रत्येक आकडा दोन गोष्टींचा बनलेला असतो: खरी स्थिती आणि योगायोग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका जिल्ह्यातील काहीशे कुटुंबेच निवडली जातात. त्यांतील ज्या मुलांना मागील दोन आठवड्यांत अतिसार झाला, त्यांपैकी कितींना मीठ-साखरेच्या द्रावणाची पाकिटे मिळाली, असा एक प्रश्न असतो. अशी मुले एका जिल्ह्यात मोजकीच सापडतात. म्हणून हे सर्वेक्षण स्वतःच सावधगिरी बाळगते: 25 ते 49 जणांवर आधारलेली टक्केवारी कंसात छापते आणि 25 पेक्षा कमी असतील तर तारांकन घालून आकडाच देत नाही. चार घरे इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी हलते, हे त्या कंसाचे म्हणणे. लसीकरण, प्रसूती किंवा खुजेपणा यांचे आकडे अधिक स्थिर असतात. पण योगायोगापासून पूर्ण मुक्त तेही नसतात.

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, 640 जिल्ह्यांच्या गुणांकाची सरासरी 50 आहे. त्यांतील तळाचे 100 जिल्हे निवडले आणि त्यांची सरासरी 26 भरली. म्हणजे ते 24 गुणांनी मागे. जिल्ह्याजिल्ह्यांतील फरकाचा तीन चतुर्थांश भाग खरा आणि एक चतुर्थांश योगायोगाचा असेल, तर त्यांचे खरे अंतर 24 नसून 18 असते. तळाच्या यादीत खरोखर मागास जिल्हे असतात, तसे त्या मोजणीत दुर्दैवी ठरलेलेही असतात. दुर्दैव दुसऱ्या मोजणीपर्यंत टिकत नाही. एक रुपयाही न खर्चता पुढची सरासरी 32 येईल. सहा गुणांची ‘प्रगती’ फुकट.

‘पण इतर जिल्ह्यांशी तुलना केली होती’ हे उत्तर येथे पुरत नाही. तळाचे 100 काढल्यावर उरलेल्या 540 जिल्ह्यांत सुदैवी ठरलेल्यांचे प्रमाण किंचित जास्त असते. वरच्याच हिशेबात ते सरासरीने सुमारे एका गुणाने खाली येतील. म्हणजे दरी दोन्ही बाजूंनी मिटताना दिसेल. तुलनेचा गट तितकाच टोकाचा नसेल, तर ती तुलना या दोषावरचा उपाय ठरत नाही.

कार्यक्रमातील ‘डेल्टा’ क्रमवारी तर या सापळ्याला निमंत्रणच देते. येथे स्थिती नव्हे, तर मागील मोजणीपासून झालेला बदल मोजला जातो आणि वर येणाऱ्यांना अतिरिक्त निधी मिळतो. एखाद्या जिल्ह्याच्या नोंदी एका महिन्यात उशिरा भरल्या गेल्या, तर तो त्या महिन्यात घसरतो आणि पुढच्या महिन्यात झेप घेतो. ती झेप पारितोषिकपात्र ठरते. शेजारच्या जिल्ह्यात उत्तम काम सातत्याने होत असेल, तर त्याचा बदल शून्याजवळ राहतो. परिणामी चढउतारालाच बक्षीस मिळते आणि स्थैर्य दुर्लक्षित राहते.

याचा अर्थ चंदौलीत काहीच घडले नाही असा नव्हे. त्याच मूल्यमापनात तेथील काळ्या तांदळाच्या लागवडीचा गौरव आहे. जे पीक पूर्वी जिल्ह्यात घेतले जात नव्हते ते शेतात उभे राहिले आणि परदेशी गेले, तर त्याला सरासरीकडे परतणे म्हणता येत नाही. योगायोगाने भात उगवत नाही. आक्षेप आहे तो चढउतार होणाऱ्या टक्केवारीला त्याच पंगतीत बसवण्याला.

शंका खरी की खोटी, हे तपासता येते. पहिली कसोटी: सर्वांत पुढारलेल्या 100 जिल्ह्यांचे काय झाले? तेही तितकेच घसरले असतील, तर योजनेपेक्षा योगायोगाचा हात मोठा. दुसरी कसोटी: काळ उलटा फिरवावा. नंतरच्या सर्वेक्षणात तळाशी असलेले जिल्हे निवडून त्यांचे जुने आकडे पाहावेत. ते पूर्वी बरे होते असे दिसले, तर तोच नियम काम करतो आहे. उपायही अवघड नाहीत. निवड एका सर्वेक्षणावर करावी आणि आरंभरेषा दुसऱ्या, स्वतंत्र सर्वेक्षणातून घ्यावी. तुलना करावी ती यादीच्या काठावर थोडक्यात वगळल्या गेलेल्या जिल्ह्यांशी, कारण सरासरीकडे परतण्याची ओढ त्यांनाही जवळपास तेवढीच असते. त्या काठावर जो फरक उरेल, तेवढेच श्रेय योजनेचे. ज्या अहवालात हा हिशेब नाही, त्यातील प्रगतीचा आकडा अर्धवट आहे.

हा वाद जुन्या अहवालापुरता राहिलेला नाही. जानेवारी 2023 मध्ये हाच साचा 500 आकांक्षी तालुक्यांना लावण्यात आला. तालुका जिल्ह्याहून लहान. तेथील प्रसूती कमी, तपासलेली मुले कमी, म्हणून आकड्यांतील योगायोगाचा वाटा अधिक. जिल्ह्यांना फुकट मिळाले त्याहून अधिक गुण तालुक्यांना फुकट मिळतील. त्या गुणांवर निधी वाटला गेला, तर ज्या तालुक्यात खरोखर काम झाले त्याचा पैसा, एका मोजणीत केवळ दुर्दैवी ठरलेल्या तालुक्याकडे जाईल. आणि ज्या आईच्या नावाने ही टक्केवारी मोजली जाते, तिच्या गावी परिचारिका पोहोचली की नाही, हे कोणालाच कळणार नाही.