विश्लेषण : नव्या मॅकवर जुनी इंटेल अ‍ॅप्स चालतात कशी, आणि किती दिवस?

अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेलऐवजी स्वतःची ‘एम१’ चिप असलेले मॅक संगणक बाजारात आणले. या चिपला इंटेल प्रोसेसरच्या सूचना समजत नाहीत. तरीही जुनी अ‍ॅप्स चालू राहिली, ती ‘रोझेटा २’ या अनुवादकामुळे.

अनुवाद होतो कधी?

बहुतेक वेळा अ‍ॅप इन्स्टॉल करताना किंवा पहिल्यांदा उघडताना. संपूर्ण प्रोग्रॅमचे नव्या चिपच्या सूचनांत रूपांतर होते आणि ते डिस्कवर साठवले जाते. म्हणून पहिल्यांदा अ‍ॅप उघडायला वेळ लागतो, नंतर लागत नाही. चालू असतानाच नवा कोड तयार करणाऱ्या अ‍ॅप्ससाठी मात्र जागच्या जागी अनुवाद करावा लागतो.

शब्दशः अनुवाद पुरतो का?

नाही, आणि खरी मेख इथेच आहे. समजा, अ‍ॅपचा एक भाग मेमरीत बिलाची रक्कम लिहितो आणि मग ‘रक्कम तयार’ अशी खूण करतो. दुसऱ्या कोअरवर चालणारा भाग ती खूण पाहून रक्कम वाचतो. इंटेलवर हे दोन बदल दुसऱ्या कोअरला याच क्रमाने दिसतात. एआरएम पद्धतीच्या चिपला वेगासाठी क्रम बदलण्याची मुभा असते, त्यामुळे खूण आधी आणि रक्कम नंतर दिसू शकते. प्रत्येक सूचनेचा अनुवाद अचूक असूनही एखाद्या वेळी जुनीच रक्कम वाचली जाईल. अशी चूक शोधणे महाकठीण, कारण ती दरवेळी घडत नाही.

यावर उपाय म्हणजे जागोजागी ‘थांबा’ सांगणाऱ्या जादा सूचना घालणे, पण त्याने वेग मार खातो. अ‍ॅपलने चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळण्याची सोय ठेवली आणि अनुवादित अ‍ॅप्सपुरती ती चालू केली. रोझेटाच्या वेगाचे श्रेय सॉफ्टवेअरइतकेच या सोयीला जाते.

मर्यादा काय?

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात बसणारे जुने ड्रायव्हर अनुवादित होत नाहीत. एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही प्रकारचा कोडही चालत नाही. त्यामुळे नव्या चिपसाठी बनवलेल्या अ‍ॅपला त्याच्या आत चालणारे इंटेलचे जुने प्लगइन दिसेनासे होते. मग ‘Open using Rosetta’ निवडून सगळे अ‍ॅपच अनुवादातून चालवावे लागते.

ही सोय कधीपर्यंत?

जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने स्पष्ट केले, की रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच मिळेल. त्यानंतर केवळ काही जुन्या गेम्सपुरती ती उरेल. पहिली रोझेटाही २००६ मध्ये आली आणि २०११ च्या ‘लायन’मध्ये काढून टाकली गेली. पूर्वसूचना दिली हे ठीक, पण निर्माती कंपनीच बंद पडलेल्या अ‍ॅपचे काय, याचे उत्तर त्यात नाही. आपले कोणते अ‍ॅप अनुवादावर चालते, हे Activity Monitor मधील Kind या रकान्यात कळते. तिथे ‘Intel’ दिसले, तर त्यातील फायली दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडतात का, हे आताच तपासलेले बरे.