विचारणारा कोण, हेही नोंदवावे

‘फवारणी कोण करते?’ हा कपाशीच्या सर्वेक्षणातील प्रश्न साधा वाटतो. विशीतला कृषी पदवीधर ओसरीवर बसून तो विचारतो, तेव्हा घरातील स्त्री ‘ते करतात’ एवढेच सांगून थांबण्याचा संभव असतो. पाणी आणणे, औषध कालवणे, फवारणीचे कपडे धुणे या कामांतून तिचा कीटकनाशकाशी येणारा संपर्क मग नोंदीबाहेर राहतो. तिच्याच वयाच्या स्त्रीने विचारल्यास हा तपशील सहज बोलण्यात येऊ शकतो. समोर प्रौढ पुरुष अधिकारी असला, तर हातमोजे वापरल्याची उत्तरे वाढू शकतात. शिफारस मोडल्याचे वडीलधाऱ्यापुढे कोण कबूल करील?

कामगंध सापळ्यात केवळ नर पतंग येतात, हे ठाऊक असल्याने त्यावरून कोणी मादींची संख्या काढत नाही. प्रगणकाबाबत मात्र हे भान सुटते.

स्त्रियांकडे स्त्री प्रगणक पाठवणे हा रूढ उपाय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीच रीत असून नाजूक विषयांसाठी ती योग्यच आहे. परंतु सर्वच प्रगणक स्त्रिया असतील, तर विचारणाऱ्याच्या लिंगाचा परिणाम झाकला जातो. मोजता येत नाही. शिवाय वयाचे अंतर उरतेच.

मोजण्याची वाट प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या नमुना सर्वेक्षणांत दाखवून ठेवली आहे: एकाच क्षेत्राचे स्वतंत्र उपनमुने पाडून ते वेगवेगळ्या प्रगणकांकडे सोपवणे. समजा, आठ गावांत 400 कुटुंबे आणि चार प्रगणक आहेत. सोयीसाठी प्रत्येकाला दोन गावे दिली, तर गावांतील फरक आणि प्रगणकांतील फरक एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी प्रत्येक गावातील 50 कुटुंबे चिठ्ठ्या टाकून चौघांत वाटावीत. प्रवासखर्च वाढतो, पण फरक वेगळा दिसतो. एकाच प्रगणकाने घेतलेल्या उत्तरांतील परस्परसंबंध अवघा 0.01 असला, तरी प्रत्येकी 100 मुलाखतींमुळे प्रचरण 1 + (99 × 0.01), म्हणजे 1.99 पट होते. 400 मुलाखतींचे मोल सुमारे 200 इतकेच उरते!

तरीही दोन स्त्रिया व दोन पुरुष यांच्यातील फरक लिंगाचा की त्या चौघांच्या स्वभावाचा, हे सांगता येणार नाही. त्यासाठी प्रगणक अधिक आणि प्रत्येकाकडे मुलाखती कमी हवेत. अर्थसंकल्पात नेमकी हीच बाब प्रथम कापली जाते, आणि ती कापू नये.

प्रश्नही बदलावा. ‘हातमोजे वापरता का?’ याऐवजी शेवटच्या फवारणीचा दिवस आठवायला लावून औषध कोणी कालवले, हातांत काय होते, डबा कोठे टाकला, असे क्रमाने विचारावे आणि शक्य तेथे डबा पाहावा. प्रश्नावलीच्या अखेरीस प्रगणकाचा क्रमांक, लिंग, वय यांसोबत मुलाखतीच्या वेळी तेथे आणखी कोण बसले होते, याचाही रकाना असावा. पती शेजारी असेल, तर स्त्री प्रगणकालाही ‘ते करतात’ हेच उत्तर मिळू शकते.