परतीच्या वहीतला हिशेब

कापडाच्या दुकानात परत आलेला माल ही नित्याची बाब आहे. माप चुकते, रंग दिव्याखाली एक आणि उन्हात दुसरा दिसतो, घरच्या वडीलधाऱ्यांना वाण पसंत पडत नाही. अशी परत आनंदाने घेणारा दुकानदारच गिऱ्हाईक टिकवतो. परंतु काही परतींमागचे कारण निराळे असते. शालू किंवा शेरवानी एका लग्नापुरती न्यायची, मिरवायची आणि चार-सहा दिवसांनी ‘पसंत नाही’ म्हणून पूर्ण रक्कम मागायची, या प्रकाराला आधुनिक किरकोळ व्यापारात ‘वॉर्डरोबिंग’ म्हणतात. दुकानदाराच्या दृष्टीने ते फुकटचे भाडे आहे. अशी एखादी परत ओळखणे कठीण असते, कारण प्रत्येक वेळी सांगितलेले कारण खरेही असू शकते. खरे-खोटे उमगते ते त्या ग्राहकाच्या वर्षभराच्या नोंदी एकत्र मांडल्यावरच.

त्यासाठी नोंद मात्र पुरेशी हवी. बहुतेक ठिकाणी परतीची रक्कम तेवढी लिहिली जाते. तिच्यासोबत मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, परतीची तारीख, ग्राहकाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेले कारण, मालाची दिसलेली अवस्था, बदली दिली की रोख परतावा, आणि परत कोणी स्वीकारली, एवढे लिहिले की पुढचे काम सोपे होते. बिलावरील मोबाइल क्रमांकावरून या नोंदी एका ग्राहकाच्या नावे गोळा करता येतात.

एका तालुक्याच्या गावातील साड्या व तयार कपड्यांच्या दुकानाचे उदाहरण कल्पून पाहू. मालकाने 14 महिन्यांच्या नोंदी काढल्या, तेव्हा दोन ग्राहक नजरेत भरले. पहिल्याने 41 नग नेले आणि 9 परत आणले, म्हणजे 22 टक्के. दुसऱ्याने 30 नग नेले आणि 12 परत आणले, म्हणजे 40 टक्के. केवळ टक्केवारी पाहिली असती, तर संशय दुसऱ्यावर गेला असता.

दुसऱ्याच्या 12 परती उलगडून पाहिल्या, तेव्हा सगळे नग मुलांचे कपडे व कुर्ते होते. प्रत्येक नग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मूळ घडीत आणि लेबलासह परत आला होता. त्यांपैकी 11 वेळा मोठे किंवा लहान माप बदलून नेले होते. रोख परतावा एकदाच दिला गेला आणि तोही 700 रुपयांचा. हा ग्राहक वाढत्या वयाच्या मुलांचा पालक होता आणि दुकानाचे मापांचे तक्ते सदोष होते. येथे दुरुस्ती तक्त्यांत करायला हवी होती.

पहिल्याच्या 9 परतींचे चित्र वेगळे निघाले. त्यांतले 7 नग भारी होते: शालू, घागरे आणि एक शेरवानी. एकूण 1,10,000 रुपयांच्या खरेदीपैकी 64,600 रुपयांचा माल परत आला होता, म्हणजे नगांनी 22 टक्के असलेली परत रकमेने जवळपास 59 टक्के होती. त्याहूनही बोलका हिशेब असा की, त्याने 14 महिन्यांत भारी नग 8 नेले आणि त्यांतला एकच ठेवला. याच दुकानात इतरांनी नेलेल्या शंभर भारी नगांमागे सुमारे 6 परत येत होते.

मग तारखा तपासल्या. सातही नग 4 ते 6 दिवस घरी राहिले होते. खरेदी बहुधा गुरुवारी वा शुक्रवारी, परत सोमवारी वा मंगळवारी. पंचांग शेजारी ठेवले, तेव्हा प्रत्येक वेळी मधल्या दिवसांत विवाहमुहूर्त होता. चातुर्मासात, जेव्हा लग्ने थांबतात, तेव्हा याच ग्राहकाने नित्याच्या वापराचे 11 नग नेले होते. त्यांत भारी वस्त्र एकही नव्हते आणि त्यांतले काही परतही आले नाही. सातही वेळा बदली नाकारून रोख रक्कमच मागितली होती. किंमत, मुक्काम, मुहूर्त आणि रोखीचा आग्रह या चार गोष्टी एकाच नोंदीत वारंवार एकत्र आल्या, की योगायोगाला जागा फारशी उरत नाही.

तरीही वहीतला आकृतिबंध हा पुरावा नव्हे. पुढची परत आली की माल अधिक बारकाईने पाहण्यासाठी तो केवळ इशारा आहे. साडीच्या खांद्याच्या जागी पिनेची छिद्रे, निऱ्यांच्या काठाला धुळीची रेघ, शेरवानीच्या गळपट्टीच्या आत चेहऱ्याच्या पावडरीचा थर, हळदीचा वा अत्तराचा मागमूस, मूळ घडीहून वेगळी पडलेली घडी, या खुणा वापर सांगतात. फॉल-पिको झालेली साडी परतीला पात्रच राहत नाही.

इशाऱ्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. एका मोबाइल क्रमांकावर दहा जणांचे कुटुंब खरेदी करत असेल, तर परती सहज फुगतात. दोन-तीन परतींवरून कुणाचा स्वभाव ठरवता येत नाही. एकच वाण अनेक ग्राहकांकडून परत येत असेल, तर दोष मालाचा आहे. म्हणून तीच वही वाणवारही लावून पाहावी. आणि परती स्वीकारणाऱ्याच्या नावानेही ती एकदा चाळावी. बहुतेक रोख परतावे एकाच नोकराच्या हातून आणि ग्राहक समोर नसताना झालेले आढळले, तर शोध ग्राहकाचा नसून गल्ल्याचा करावा लागतो.

उपायाची जागा परतीची नव्हे, विक्रीची वेळ आहे. भारी वस्त्राला लेबल आत न लावता दर्शनी भागावर, ते तोडल्याशिवाय नेसता येणार नाही अशा रीतीने लावावे. ‘लेबल तुटल्यास परत नाही, भारी वस्त्रावर बदली किंवा जमापावती, रोख परतावा नाही’ हा नियम बिलावर छापावा, विकताना तोंडीही सांगावा आणि ओळखी-अनोळखी सर्वांना सारखाच लावावा. परंतु या नियमाला एक बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल परत घेऊन रक्कम देण्यास बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विणीत खोट असलेल्या शालूला ‘रोख परतावा नाही’ हे वाक्य लावता येत नाही.

उदाहरणातील मालकाने पहिल्या ग्राहकाला काही सुनावले नाही. आठव्या भारी नगाच्या परतीनंतर नवा नियम सर्व बिलांवर आला आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तो त्याला इतरांप्रमाणेच वाचून दाखवला गेला. त्याने घागरा उचलला, लेबलाकडे पाहिले आणि खाली ठेवला. त्याऐवजी मुलीसाठी दोन सुती ड्रेस नेले. ते ड्रेस परत आले नाहीत. परतीची वही त्यानंतर दर महिन्याच्या अखेरीस एकदा चाळली जाते, आणि आरंभ टक्केवारीने नव्हे, तर ‘भारी नग किती नेले, किती ठेवले’ या एका रकान्याने होतो.