‘पिवळे नोझल’ म्हणजे नेमके कोणते?

फवारणी यंत्रावरील शोधनिबंधात ‘पिवळे नोझल वापरले’ असे वाक्य आढळले, तर वाचकाने तेथेच थांबावे. आयएसओ 10625 या मानकानुसार नोझलचा पिवळा रंग प्रवाहाचे माप सांगतो: 3 बार दाबाला मिनिटाला सुमारे 0.8 लिटर. कृषी व जैविक अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेच्या एस 572 या मानकात मात्र पिवळा रंग ‘मध्यम’ आकाराच्या थेंबांचा निदर्शक आहे. पहिल्या मानकाप्रमाणे पिवळे असलेले नोझल रचनेनुसार आणि दाबानुसार बारीक थेंबही देईल किंवा जाडही. निबंधात मानकाचा उल्लेख नसेल, तर लेखकाला प्रवाह सांगायचा आहे की थेंबांचा आकार, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

कृषी अभियांत्रिकीच्या निबंधांची संदर्भसूची बहुतांशी नियतकालिकांतील लेखांनी भरलेली असते, आणि अशा सूचीत मानक उपरे ठरते. त्याला व्यक्तिनाम नसते, खंड-अंक नसतो. मग ते सूचीतून गळते आणि मजकुरात ‘प्रमाणित पद्धतीने चाचणी केली’ एवढेच उरते. कधी मूळ मानक न वाचता, ते वापरणाऱ्या दुसऱ्या निबंधाचाच संदर्भ दिला जातो. त्या निबंधाने पद्धतीत केलेला बदल मग नकळत पुढे चालू राहतो.

मानकाचे नाव दिले, पण वर्ष दिले नाही, तरीही घोटाळा होतो. एस 572 च्या 1999 च्या आवृत्तीत थेंबांचे सहा वर्ग होते आणि ‘अतिबारीक’ हा त्यांतील सर्वांत खालचा. 2009 च्या सुधारणेत त्याच्याही खाली आणखी एक वर्ग आणि सर्वांत वर एक वर्ग जोडला गेला, म्हणजे एकूण आठ झाले. समजा, दोन निबंधांनी आपला फवारा ‘अतिबारीक’ असल्याचे नोंदवले. पहिल्याने जुनी आवृत्ती वापरली असेल, तर त्याच्या ‘अतिबारीक’मध्ये धुक्यासारखे थेंबही सामावतात, नव्या आवृत्तीत ते वेगळ्या वर्गात जातात. वाऱ्याने सर्वांत दूर भरकटतात ते हेच थेंब. शेजारी तुतीची लागवड असेल, तर त्या पानांवर पडलेले कीटकनाशक रेशीमअळ्यांच्या जिवावर उठते. दोन्ही निबंध वाचून एकच शिफारस करणारा विस्तार कार्यकर्ता हा धोका ओळखणार कसा?

यावर उपाय साधा आहे. सूचीत प्रकाशक संस्था, मानकाचा क्रमांक, भाग असल्यास तो, वर्ष आणि शीर्षक द्यावे. लेखकाच्या जागी संस्थेचे नाव घालावे. भारतीय मानक पुढे दुरुस्त वा पुनर्पुष्ट झाले असेल, तर तेही नोंदवावे. पद्धतीच्या विभागात मानकातील कोणती चाचणी केली आणि कोठे फारकत घेतली, हे एका वाक्यात सांगावे. उदाहरणार्थ, दाब 3 ऐवजी 2 बार ठेवला असेल, तर तसे लिहावे. कारण दाब दोन-तृतीयांश झाला, की 0.8 लिटरचा प्रवाह सुमारे 0.65 लिटरवर येतो.

मानकांचे सहकर्मी-परीक्षण झालेले नसते, म्हणून ती मुख्य सूचीत नकोत, असा आक्षेप घेतला जातो. तो येथे लागू पडत नाही. मानक हा निष्कर्षाचा पुरावा नसून मोजमापाची पट्टी आहे, आणि पट्टी कोणती हे सांगितल्याशिवाय मापाला अर्थ नाही.

पेटंट आणि उत्पादकाचे माहितीपत्रक यांची गोष्ट वेगळी. पेटंट एखादी रचना कोणी, केव्हा मांडली हे दाखवते. ती शेतात चालते हे सिद्ध करत नाही. अर्ज साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण प्रसिद्ध होणे म्हणजे मंजूर होणे नव्हे. म्हणून देश, क्रमांक आणि त्यापुढील अक्षरखूण पूर्ण द्यावी. अमेरिकी दस्तऐवजावर ‘ए 1’ म्हणजे प्रसिद्ध अर्ज, तर ‘बी 2’ म्हणजे मंजूर पेटंट. पेटंटातील कार्यक्षमतेचा दावा ‘सिद्ध झाले आहे’ अशा शब्दांत उद्धृत करू नये.

माहितीपत्रकातील आकडा सहसा नव्या नोझलचा आणि स्वच्छ पाण्याचा असतो. त्याचा संदर्भ आवृत्ती व दिनांकासह द्यावा, पण ‘निष्पत्ती’त लेखकाने स्वतः मापपात्रात मोजलेला प्रवाहच असावा. झिजलेले नोझल जास्त द्रावण सोडते, हे माहितीपत्रक सांगत नाही.

संपादकांनी हस्तलिखित स्वीकारताना मानकाचे वर्ष विचारावे, आणि विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस शेतापर्यंत नेण्यापूर्वी ते सूचीत शोधावे. ते सापडले नाही, तर ‘बारीक’ वा ‘जाड’ या शब्दांवर विसंबून नोझल निवडण्यास सांगू नये.