अकरा पोस्टची ट्रॉली

गळीत हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. समजा, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर आली आणि कॉलेजच्या एका पोराने घरी येऊन एक्सवर अकरा पोस्टचा थ्रेड टाकला. पहिल्यात बाईक कशी वाचली ते, दुसऱ्यात राग, चौथ्यात खड्डे, सहाव्यात ड्रायव्हरची झोप, आणि खरी मागणी थेट नवव्यात. तिथवर येतो कोण? शिवाय थ्रेडमधली प्रत्येक पोस्ट एकटीच शेअर होऊ शकते. सहावी फिरली की ड्रायव्हर आणि पोरं भांडत बसणार, रिफ्लेक्टर राहिला बाजूला.

मग अकराची एक कशी करायची? प्रत्येक पोस्टसमोर एकच शब्द लिहा: मागणी, पुरावा, अनुभव, राग. जे वाक्य काढलं तर बाकीच्या पोस्ट कशासाठी हेच कळत नाही, ते मुख्य म्हणणं. इथे ते नववीत आहे, म्हणून ते आधी येईल.

पुरावा मात्र एकच, आणि तो त्याच म्हणण्याचा हवा. बाईक वाचल्याचा प्रसंग थरारक आहे खरा, पण तो एका ट्रॉलीचा. खड्ड्यांचा फोटो तर वेगळ्याच तक्रारीचा. त्यापेक्षा तासभर रस्त्याकडेला उभं राहून मोजलेला आकडा बरा, कारण तो दुसरा कुणीही जाऊन तपासू शकतो. दोन पुरावे दिले की लोक त्यातला कच्चा पकडतात आणि सगळा वाद तिकडेच जातो.

आता पोस्ट अशी होईल:

"ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय तिला रात्री रस्त्यावर सोडू नये. काल रात्री ८ ते ९ या वेळेत शहादा रस्त्यावर उभं राहून मोजलं: १२ ट्रॉल्या गेल्या, त्यातल्या आठांना मागे रिफ्लेक्टर नव्हता."

एक्सची साधी मर्यादा २८० अक्षरांची. मराठीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'ट्रॉली' दिसायला दोन अक्षरं, मोजायला सहा. तरी वरची पोस्ट साधारण २१० मध्ये बसते.

कापाकापीत सगळ्यात आधी बळी जातो तो अटींचा. 'रात्री', 'मागे', '८ ते ९' हे शब्द उडाले तर उरतं 'ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर नसतात', आणि रिफ्लेक्टर लावलेल्या चारांपैकी एकाने फोटो टाकला की खेळ खलास. म्हणून शेवटी जुना थ्रेड शेजारी उघडून बघा: नवी पोस्ट त्याच्यापेक्षा मोठा दावा तर करत नाही ना? थ्रेड डिलीट करू नका. नव्या पोस्टखाली उत्तर म्हणून त्याची लिंक द्या. ज्याला बाईकची गोष्ट वाचायचीय, तो जाईल तिकडे.