भडंग, रूममेट आणि माझे कान

मी साताऱ्याची, शिकायला सांगलीत. रूममेट भडंग खायला बसली की माझी छाती धडधडायची, पुस्तकातली ओळ पुढे सरकायची नाही. ‘किती नखरे!’ असं ऐकून घेतलं. पण याला नाव आहे, मिसोफोनिया. आवाज मोठा नसतो. चावणं, भुरकणं, श्वास असे ठरावीक आवाजच असह्य होतात. २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या सुखबिंदर कुमार यांच्या अभ्यासात दिसलं, की अशा आवाजांना या लोकांच्या मेंदूतला इन्सुला हा भाग जास्त तीव्र प्रतिसाद देतो, हृदयाचे ठोकेही वाढतात. म्हणजे नखरे नाहीत.

मी दिवसभर इअरप्लग घालायला लागले, तिथे चुकले. शांततेची सवय झाली की बारीक आवाजही जास्त टोचतो. आता पंखा किंवा हळू आवाजात गाणी लावते; त्यात चावणं उठून ऐकू येत नाही. रूममेटशी बोलले तेही खाणं संपल्यावर, डोकं शांत असताना. ती आता माझ्या वाचनाच्या वेळी गॅलरीत खाते. जेवताना मी पंख्यावर भागवते. समोरच्याने चावणंच बंद करावं, हा हट्ट आपणही धरू नये. मात्र जेवण किंवा लेक्चर टाळायची वेळ आली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.