बिजागरीचे बल कोणत्या दिशेने?

एकसारख्या जाडीची दांडी एका टोकाला भिंतीशी बिजागरीने जोडलेली आहे आणि दुसऱ्या टोकापासून वर भिंतीकडे गेलेल्या तारेने ती आडवी धरून ठेवली आहे. दुकानाच्या पाटीचा आडवा दांडा असो की दारावरची ताणतारेने धरलेली पडवी, रचना हीच. तारेतील ताण किती आणि बिजागरी दांडीवर किती बल लावते, असे दोन प्रश्न इथे विचारले जातात. ताणाचे उत्तर बहुतेकांना जमते. बिजागरीबाबत मात्र एक चुकीचे मत रूढ आहे आणि ते मानले, तर ताणही चुकतो.

हे मत असे: तार दांडीला वर उचलते आणि भिंतीकडे ओढते. भिंतीकडची ही ओढ बिजागरी परतवते, म्हणून बिजागरीचे बल दांडीच्या रेषेतच, भिंतीपासून बाहेरच्या दिशेने असते. मताच्या बाजूने आधारही दिला जातो. कैचीच्या, म्हणजे ट्रसच्या, गणितात प्रत्येक दांड्यातील बल दांड्याच्या रेषेतच धरतात. मग इथे वेगळे का धरायचे?

याची परीक्षा आकड्यांनी करता येते. दांडी ४ मीटर लांब आणि २०० न्यूटन वजनाची आहे, तार टोकाला बांधलेली असून दांडीशी ३० अंशांचा कोन करते, असे घेऊ. दांडी एकसारखी असल्याने तिचे सारे वजन मध्यावर, बिजागरीपासून २ मीटरवर, एकवटले आहे असे मानता येते. बिजागरीचे बल दांडीच्या रेषेत असेल, तर त्याला उभा घटक नाही. मग सगळे २०० न्यूटन वजन तारेच्या उभ्या घटकानेच पेलले पाहिजे. sin ३०° म्हणजे अर्धा, म्हणून ताण ४०० न्यूटन येतो. उभी बले जुळली, आडवीही जुळवता येतात, आणि उत्तर बरोबर वाटू लागते.

पण दांडी स्थिर राहायची तर ती फिरताही कामा नये. बिजागरीभोवतीचा बलाघूर्ण, म्हणजे बल गुणिले बलरेषेचे बिजागरीपासूनचे लंबांतर, पाहिला की चूक उघडी पडते. वजन दांडीला खाली फिरवते २०० × २ = ४०० न्यूटन-मीटरने. तारेचा २०० न्यूटनचा उभा घटक ४ मीटरवर आहे, म्हणून तार दांडीला वर फिरवते ८०० न्यूटन-मीटरने. बिजागरीचे बल बिजागरीतूनच जात असल्याने त्याचा आघूर्ण शून्य. ते ही तफावत भरून काढू शकत नाही. म्हणजे या मताप्रमाणे दांडीचे मोकळे टोक आपोआप वर उचलले गेले पाहिजे. प्रत्यक्षात दांडी स्थिर आहे, म्हणून मत चुकीचे आहे.

ट्रसचा दाखलाही इथे लागू पडत नाही. ट्रसच्या दांड्यावर बले फक्त दोन टोकांना लागतात असे मानलेले असते. दांड्याचे स्वतःचे वजन सोडून देतात किंवा सांध्यांवर वाटून टाकतात. फक्त दोन ठिकाणी बले लागलेली वस्तू स्थिर असेल, तर ती बले त्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेतच असावी लागतात. आपल्या दांडीवर मात्र तिसरे बल आहे: मध्यावर खाली ओढणारे वजन. त्यामुळे तो नियम इथे वापरताच येत नाही.

योग्य रीत अशी की बिजागरीच्या बलाची दिशा आधी ठरवूच नये. आडवा आणि उभा असे त्याचे दोन अज्ञात घटक धरावेत. तिसरे अज्ञात म्हणजे ताण. आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य आणि बलाघूर्णांची बेरीज शून्य, ही तीन समीकरणे तिन्ही अज्ञातांना पुरतात. आघूर्ण बिजागरीभोवती घेतला, तर तिचे दोन्ही घटक समीकरणातून निघून जातात आणि एकटा ताण उरतो:

T × sin ३०° × ४ = २०० × २

यावरून ताण २०० न्यूटन. त्याचा उभा घटक १०० न्यूटन आहे, म्हणून उरलेले १०० न्यूटन बिजागरी वर उचलते. ताणाचा आडवा घटक सुमारे १७३ न्यूटन आहे; तेवढ्याच बलाने बिजागरी दांडीला बाहेर ढकलते. दोन्ही घटक मिळून बिजागरीचे बल २०० न्यूटन येते आणि ते दांडीच्या वर ३० अंश कललेले असते. तार निम्मे वजन उचलते हे खरे, पण म्हणून ताण १०० न्यूटन होत नाही. निम्मा असतो तो ताणाचा उभा घटक.

उत्तर तपासायला वेगळा मार्ग आहे. आघूर्ण दांडीच्या मोकळ्या टोकाभोवती घेतले, तर ताण समीकरणातून जातो आणि बिजागरीचा उभा घटक गुणिले ४ बरोबर २०० गुणिले २, म्हणजे पुन्हा १०० न्यूटन मिळतात. आकृतीही हेच सांगते. समांतर नसलेली तीन बले एखाद्या वस्तूला स्थिर ठेवत असतील, तर त्यांच्या रेषा एकाच बिंदूत मिळतात. वजनाची उभी रेषा आणि तारेची रेषा दांडीच्या मध्याच्या वर सुमारे १.१५ मीटरवर छेदतात. बिजागरीचे बल त्याच बिंदूतून गेले पाहिजे, आणि बिजागरीपासून तिथपर्यंतची रेषा ३० अंशच कललेली आहे.

तार कुठे बांधली आहे यावर ही दिशा बदलते. तार दांडीच्या मध्यावर बांधली, तर छेदनबिंदू दांडीवरच येतो आणि बिजागरीचे बल खरोखरच दांडीच्या रेषेत जाते. तीच तार, त्याच कोनात, बिजागरीपासून १ मीटरवर बांधली, तर ताण ८०० न्यूटन होतो. त्याचा उभा घटक ४०० न्यूटन, म्हणजे वजनाच्या दुप्पट. म्हणून बिजागरीला दांडी २०० न्यूटनने खाली दाबून धरावी लागते. समीकरणात उभा घटक ऋण येतो तो याच कारणाने. ते ऋण चिन्ह चूक समजून पुसायचे नसते. दिशा उलटी आहे, एवढेच ते सांगते.

रूढ मतातील खरा अंश टोकावर जड ओझे असताना दिसतो. मूळ रचनेत टोकाला ३०० न्यूटनची पाटी टांगली, तर ताण ८०० न्यूटन होतो. बिजागरीचा आडवा घटक ६९३ न्यूटनपर्यंत वाढतो, पण उभा घटक १०० न्यूटनच राहतो, कारण टोकावरच्या ओझ्याला टोकाभोवती आघूर्णच नसतो. बल आता जेमतेम ८ अंश कललेले आहे. ओझे वाढेल तसे ते दांडीच्या रेषेकडे झुकत जाते. तरी इथेही ते दांडीच्या रेषेतच धरले, तर ताण १००० न्यूटन येतो, म्हणजे खऱ्यापेक्षा एक चतुर्थांशाने जास्त.

या रीतीलाही एक मर्यादा आहे. दांडी भिंतीत घट्ट रोवलेली असेल, तर भिंत तिला बलाबरोबर आघूर्णही देते. अज्ञाते चार होतात आणि तीन समीकरणे अपुरी पडतात. तिथे दांडीचे वाकणे आणि तारेचे ताणले जाणे हिशेबात घ्यावे लागते. दांडी मोकळी फिरू शकणाऱ्या बिजागरीवर असेल तोवर मात्र तीन समीकरणे पुरेशी आहेत, आणि बिजागरीच्या बलाची दिशा त्यांनीच ठरवायची असते.